परिच्छेदात दडलेली ४० मिनिटे

पाचवीच्या गणिताचे एक टाचण नमुन्यासाठी घेऊ. विषय सममूल्य अपूर्णांक, तासिका एक, वर्गात मुले ३६. टाचणात असे लिहिले आहे:

“आज मुलांना सममूल्य अपूर्णांकांची संकल्पना समजावून द्यायची आहे. प्रथम मागील पाठाची उजळणी घेऊन अंश व छेद विचारावेत. नंतर मुलांना कागदाच्या पट्ट्या देऊन घड्या घालायला सांगाव्यात आणि एक द्वितीयांश, दोन चतुर्थांश व चार अष्टमांश समान आहेत हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे. अंश व छेदाला एकाच संख्येने गुणले की सममूल्य अपूर्णांक मिळतो, हा नियम फळ्यावर लिहून उदाहरणे सोडवून घ्यावीत. काही मुले गुणण्याऐवजी तीच संख्या मिळवतात, तिकडे लक्ष द्यावे. मुले कंटाळू नयेत म्हणून मध्ये एखादा खेळ घ्यावा. शेवटी सरावसंच सोडवून घ्यावा व उरलेला भाग गृहपाठाला द्यावा.”

या टाचणात चूक काढण्यासारखे काही नाही. लिहिणाऱ्याला विषय कळलेला आहे. मुले नेमकी कुठे घसरतात हेही त्याला माहीत आहे, आणि नियमाआधी कागद हातात द्यायचा हा क्रमही योग्य आहे. तरीही हे टाचण घेऊन बदली शिक्षक वर्गात गेला तर पहिल्याच मिनिटाला त्याला प्रश्न पडतील. पट्ट्या किती कापायच्या? प्रत्येकाला एक, की जोडीत एक? घड्यांना किती वेळ द्यायचा? खेळ कोणता? आणि तासाच्या शेवटी मुलांना ‘समजले’ हे ओळखायचे कशावरून?

या प्रश्नांची उत्तरे परिच्छेदात नाहीत, आणि वाचताना ती नाहीत हे जाणवतही नाही. गद्य पुढे सरकत राहते. ‘नंतर’, ‘शेवटी’, ‘मध्ये’ हे शब्द वाक्यांना जोडतात आणि त्यांच्यामधली मिनिटे झाकून टाकतात. हाच मजकूर उद्दिष्ट, कृती, वेळ आणि साहित्य अशा चार रकान्यांत मांडायला घेतला की मोकळ्या राहिलेल्या जागा लगेच दिसतात. त्या भरायच्या तर लिहिणाऱ्याला काही निर्णय घ्यावे लागतात, आणि ते एरवी वर्गात उभे राहून, मुलांसमोर, घाईघाईत घेतले जातात.

मराठी अध्यापक विद्यालयांतून शिकून गेलेल्यांना तक्ता नवा नाही. सरावपाठाच्या वहीत अध्यापक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन असे रकाने आखलेले असतात. त्याआधीची परंपरा जर्मन शिक्षणतज्ज्ञ योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या विचारापर्यंत जाते. त्यांच्या अनुयायांनी त्यातून पाठाच्या पाच पायऱ्या बांधल्या, आणि पूर्वतयारीपासून उपयोजनापर्यंतचा तो क्रम आपल्याकडच्या प्रशिक्षणातही रुजला. पण प्रशिक्षण संपते, रोजची टाचणे सुरू होतात, आणि एका तासिकेसाठी चार पाने आखणे कोणालाच परवडत नाही. मग मजकूर आखडत आखडत परिच्छेदावर येतो. म्हणून इथे प्रश्न रोज वापरता येईल अशा एका पानाच्या तक्त्याचा आहे आणि हातात असलेल्या परिच्छेदातून तो कसा काढायचा याचा आहे.

सुरुवात क्रियापदांपासून करावी. पेन्सिल घेऊन परिच्छेदातल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची आणि ते काम वर्गात कोण करणार हे समासात लिहायचे: ‘शि’ म्हणजे शिक्षक, ‘मु’ म्हणजे मुले. टाचणाची ‘द्यावे’, ‘घ्यावे’, ‘सांगावे’ ही भाषा करणाऱ्याला वाक्याबाहेर ठेवते, त्यामुळे ही खूण करताना हात थबकतो. ‘उदाहरणे सोडवून घ्यावीत’ म्हणजे काय? शिक्षकाने फळ्यावर सोडवायची आणि मुलांनी उतरवून घ्यायची, की मुलांनी वहीत सोडवायची? वाक्य एकच, पण तास दोन वेगळे. नमुन्याच्या परिच्छेदात अशी खूण केली तर निःसंशय ‘मु’ एकाच ठिकाणी येतो, घड्या घालण्यापाशी. ‘लक्षात आणून द्यावे’ हे काम पूर्णपणे शिक्षकाचे, म्हणजे घडी मुलांनी घालायची पण त्यातला शोध शिक्षकाने जाहीर करायचा. परिच्छेद वाचताना हे खटकत नाही, समासातली अक्षरे मोजताना खटकते.

यानंतर उद्दिष्टाचा रकाना. सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण बाकीचे तीन रकाने याच्यावर टेकलेले आहेत.

‘संकल्पना समजावून देणे’ हे शिक्षकाचे काम झाले. ते पार पडले तरी मुलाला काही आले असेलच असे नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२च्या आपल्या छोट्या पुस्तकात उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले: विद्यार्थी काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि ते किती चांगले जमले म्हणजे पुरे. एनसीईआरटीने २०१७ मध्ये प्राथमिक स्तरासाठी ज्या अध्ययन निष्पत्ती दिल्या, त्यांचेही वाक्य विद्यार्थ्यापासून सुरू होते. रोजच्या तक्त्यासाठी एवढे पाळले तरी काम होते: वाक्याचा कर्ता विद्यार्थी असावा आणि क्रियापद डोळ्यांना दिसणारे किंवा कानांना ऐकू येणारे असावे. ‘समजतो’, ‘जाणतो’, ‘आकलन होते’ ही क्रियापदे दिसत नाहीत. ‘लिहितो’, ‘रंगवून दाखवतो’, ‘कारण सांगतो’ ही दिसतात.

या कसोटीवर नमुन्यातल्या एका उद्दिष्टाची तीन उद्दिष्टे होतात. पहिले, ‘अ’: विद्यार्थी सारख्या लांबीच्या पट्ट्यांना घड्या घालून १/२, २/४ आणि ४/८ हे भाग सारखेच आहेत हे रंगवून दाखवतो. दुसरे, ‘आ’: दिलेल्या अपूर्णांकाच्या अंशाला व छेदाला एकाच संख्येने गुणून दोन सममूल्य अपूर्णांक लिहितो. तिसरे, ‘इ’: अंश व छेदात तीच संख्या मिळवून आलेला अपूर्णांक सममूल्य का नसतो, हे पट्टीच्या आधारे सांगतो.

तिसरे उद्दिष्ट कुठून आले हे पाहण्यासारखे आहे. परिच्छेदात ती केवळ सूचना होती: ‘तिकडे लक्ष द्यावे.’ हे वाक्य कोणत्या रकान्यात घालायचे हा प्रश्न पडतो, कारण ते धड कृती नाही, साहित्य नाही आणि त्याला वेळही नाही. बरेच जण अशी वाक्ये तक्ता करताना गाळून टाकतात. पण परिच्छेदातला सर्वांत मोलाचा अनुभव याच वाक्यात आहे. १/२ च्या अंशात १ आणि छेदात १ मिळवला की २/३ होतात, आणि ‘दोन्हीकडे सारखेच केले, म्हणजे बरोबर’ असे मुलांना मनापासून वाटते. ही चूक तासात स्वतंत्रपणे हाताळायची असेल तर तिला स्वतःची ओळ मिळाली पाहिजे. ज्या वाक्यांना रकाना सापडत नाही, त्यांच्यापाशी थांबून ती ओळ होऊ शकते का हे पाहणे हा या कामातला महत्त्वाचा भाग आहे.

‘एखादा खेळ घ्यावा’ या वाक्याचे मात्र उलट होते. त्याला कृतीचा रकाना लगेच मिळतो, पण डावीकडचा रकाना रिकामा राहतो. खेळातून मूल काय करून दाखवणार? मुले कंटाळू नयेत ही इच्छा योग्यच आहे. पण घड्या, रंग आणि अंदाज यांत मुले गुंतलेली असताना निव्वळ विरंगुळ्यासाठी वेगळी आठ मिनिटे काढणे या तासिकेला परवडणारे नाही. सममूल्य अपूर्णांकांच्या कार्डांच्या जोड्या लावण्याचा खेळ ‘आ’ या उद्दिष्टाच्या सरावासाठी दुसऱ्या दिवशी घेता येईल. आजच्या तक्त्यातून तो काढावा.

आता वेळ. अनेक तक्त्यांत या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘५ मिनिटे, १० मिनिटे, ५ मिनिटे, १० मिनिटे’ असे लिहिलेले असते. इतके गोल आकडे दिसले की ते बेरीज जुळवण्यासाठी लिहिलेले आहेत हे समजून घ्यावे. आधी बेरजेचा विचार बाजूला ठेवायचा आणि प्रत्येक कृती मनात घडवून तिला लागणारा वेळ लिहायचा. नमुन्याच्या परिच्छेदातले सगळे काही करायचे ठरवले तर उजळणी ५ मिनिटे, पट्ट्यांचे वाटप ३, घड्या व रंगकाम १२, त्यावरची चर्चा ६, नियम व उदाहरणे ८, बेरजेच्या चुकीवर काम ७, खेळ ८, सरावसंच १०, गृहपाठ सांगणे २. बेरीज ६१ मिनिटे. तासिका ४० मिनिटांची.

परिच्छेदात ही २१ मिनिटे कुठेच दिसत नव्हती. असा तास प्रत्यक्षात कसा संपतो हे शिक्षकांना ठाऊक आहे: घड्यांत वेळ जातो, नियम घाईत लिहिला जातो, घंटा होते आणि पाठाचा शेवट, म्हणजे मुलांना आले की नाही हे पाहण्याचा भाग, गृहपाठात ढकलला जातो. म्हणून कात्री लावताना शेवटची ओळ आधी राखून ठेवावी आणि मग वरची कमी करावी. उजळणीला ५ ऐवजी ३ मिनिटे पुरतात, जर एकेका मुलाला उभे करून विचारण्याऐवजी फळ्यावरच्या तीन आकृत्यांचे अपूर्णांक सगळ्यांनी एकदमच वहीत लिहिले तर. पूर्ण सरावसंचाच्या जागी दोन प्रश्नांची चिठ्ठी येते आणि १० मिनिटांची ४ होतात. घड्यांची १२ मिनिटे ९ वर आणायची तर मात्र साहित्यात बदल करावा लागतो.

वेळेचा रकाना साहित्याच्या रकान्याला असा हलवतो, म्हणून साहित्य सर्वांत शेवटी ठरवलेले बरे. ‘खडू, फळा, डस्टर’ ही नोंद असंख्य टाचणांत दिसते आणि ती कोणाच्याच उपयोगाची नसते, कारण या वस्तू वर्गात असतातच. या रकान्यात लिहायचे ते आदल्या दिवशी जमवावे किंवा कापावे लागणारे सामान, नगासहित.

नमुन्याच्या पाठात पट्टी २४ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद ठेवावी. २४ ही संख्या २, ३, ४, ६ आणि ८ या सगळ्यांनी भागली जाते, त्यामुळे अर्धा भाग १२ सेंटिमीटर, चतुर्थांश ६, अष्टमांश ३ आणि तृतीयांश ८ असे पूर्ण आकडे येतात. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो, त्यातून अशा ५ पट्ट्या निघतात. ३६ मुलांच्या १८ जोड्या. प्रत्येक जोडीला घड्यांसाठी तीन पट्ट्या म्हणजे ५४, आणि तृतीयांशाची एक वेगळी म्हणजे आणखी १८.

तृतीयांशाची पट्टी वेगळी ठेवण्याचे कारण असे की निम्म्याच्या निम्मे करत कागद सहज दुमडता येतो, पण तीन सारखे भाग हाताने दुमडणे पाचवीच्या मुलांना अवघड जाते. भाग लहानमोठे होतात आणि ज्या पट्टीवर सगळी तुलना उभी आहे तीच खोटी ठरते. म्हणून तृतीयांशाच्या पट्ट्यांवर खुणा आधीच केलेल्या असाव्यात. त्यासाठी १८ पट्ट्या एकेक करून आखायची गरज नाही. कागद कापण्याआधी पूर्ण पानावर ८ आणि १६ सेंटिमीटरवर दोन आडव्या रेघा ओढायच्या आणि मग उभ्या पट्ट्या कापायच्या. अशी ४ पाने केली की २० पट्ट्या तयार. साध्या पट्ट्यांसाठी १२ पाने, त्यांच्या ६० पट्ट्या. एकूण १६ पाने लागतात आणि ८ पट्ट्या फाटक्या-चुरगळलेल्यांसाठी हाताशी राहतात. चौघी-चौघी पट्ट्यांचा गठ्ठा रबर लावून जोडीगणिक तयार ठेवला तर वाटपही २ मिनिटांत होते.

या सगळ्यातून निघालेला तक्ता असा:

| उद्दिष्ट | कृती | वेळ | साहित्य |
|---|---|---|---|
| पूर्वज्ञान: आकृती पाहून अंश व छेद ओळखतो | फळ्यावरच्या तीन रंगवलेल्या आकृत्यांचे अपूर्णांक मुले वहीत लिहितात व शेजाऱ्याशी ताडून पाहतात | ३ मि. | रंगीत खडू, आधीच काढलेल्या आकृत्या |
| अ | दोन मुले प्रत्येक जोडीला गठ्ठा देतात | २ मि. | ४ पट्ट्यांचे १८ गठ्ठे, १८ तेलखडू |
| अ: १/२, २/४, ४/८ सारखे आहेत हे रंगवून दाखवतो | जोडीतली मुले तीन पट्ट्यांना एक, दोन व तीन वेळा घडी घालतात, प्रत्येकीचा अर्धा भाग रंगवतात, पट्ट्या एकाखाली एक ठेवतात | ९ मि. | साध्या पट्ट्या, तेलखडू |
| अ | “रंगवलेला भाग सारखा आहे, मग अपूर्णांक वेगळे का लिहिले?” तीन-चार जोड्या उत्तर सांगतात, इतर दुरुस्त करतात | ५ मि. | रंगवलेल्या पट्ट्या |
| आ: गुणून दोन सममूल्य अपूर्णांक लिहितो | १/२ पासून २/४ व ४/८ कसे झाले हे मुले शोधतात, नियम स्वतःच्या शब्दांत सांगतात, ३/५ साठी वहीत करून पाहतात | ६ मि. | फळा, वह्या |
| इ: मिळवून आलेला अपूर्णांक सममूल्य का नाही हे सांगतो | “दोन्हीकडे १ मिळवला तर?” मुले आधी अंदाज लिहितात, मग २/३ भाग रंगवून १/२ च्या पट्टीशेजारी ठेवतात | ६ मि. | तृतीयांशाच्या खुणांच्या पट्ट्या |
| आ, इ | चिठ्ठीवर एकट्याने: २/५ चे दोन सममूल्य अपूर्णांक लिहा, ३/४ आणि ४/५ सममूल्य आहेत का, कारण लिहा | ४ मि. | ३६ कोऱ्या चिठ्ठ्या |
| आ | गृहपाठ वहीत उतरवून घेतात | १ मि. | पाठ्यपुस्तक |

बेरीज ३६ मिनिटे. मुले जागेवर बसेपर्यंतची २ आणि अडीअडचणीची २ धरली की ४० पूर्ण होतात. ही चार मिनिटे तक्त्याबाहेर ठेवणे गरजेचे आहे. घंटेपासून घंटेपर्यंत ठासून भरलेला तक्ता पहिल्याच फाटलेल्या पट्टीपाशी कोलमडतो.

तक्ता झाल्यावर तो आडवा वाचण्याची सवय असते, पण दोष सापडतात ते उभे वाचताना. उद्दिष्टाचा रकाना वरून खाली वाचावा: प्रत्येक मुख्य उद्दिष्ट किमान दोनदा यायला हवे, एकदा शिकताना आणि एकदा पडताळताना. इथे ‘अ’ ची पडताळणी तासाच्या मध्येच होते, कारण रंगवलेल्या पट्ट्या बाकावर समोर असतात आणि शिक्षक फिरत फिरत त्या पाहू शकतो. ‘आ’ आणि ‘इ’ शेवटच्या चिठ्ठीत येतात. कृतीचा रकाना वाचताना कर्ता पाहावा. नमुन्यात जवळपास प्रत्येक ओळीत मुले काही करतात. सलग तीन ओळींचा कर्ता शिक्षक असेल तर तो तास व्याख्यानाकडे झुकलेला आहे. साहित्याचा रकाना वाचताना प्रत्येक वस्तू कोणत्या तरी कृतीत खरोखर हाताळली जाते का ते पाहावे. शोभेचा तक्ता किंवा मोबाइलवरची चित्रफीत अशा वेळी उघडी पडते, कारण तिच्यासमोर मुलांनी करण्याचे काहीच लिहिलेले नसते.

चिठ्ठीतले प्रश्नही उगाच निवडलेले नाहीत. ३/४ च्या दोन्हीकडे १ मिळवला की ४/५ होतात, पण या दोन अपूर्णांकांची पट्टी मुलांनी तासात पाहिलेली नाही. ज्याला केवळ ‘१/२ आणि २/३ सारखे नाहीत’ एवढे आठवते तो इथे चाचपडेल. ज्याला कारण कळले आहे तो ३/४ म्हणजे ६/८ किंवा ९/१२ असे काही लिहून पाहील, किंवा चित्र काढेल. चुकलेल्या चिठ्ठ्यांचे शिक्षकाने तिथेच दोन ढीग करावेत: गुणाकारात चुकलेल्या एकीकडे आणि ‘दोन्हीकडे १ मिळवला म्हणून सारखे’ असे लिहिलेल्या दुसरीकडे. पहिल्या ढिगाला पाढ्यांचा सराव लागेल, दुसऱ्याला पुन्हा पट्टी.

तक्त्यात काही गोष्टी मात्र हरवतात, आणि त्या जपायला हव्यात. परिच्छेदात ‘म्हणून’, ‘कारण’, ‘जर’ हे शब्द असतात. रकान्यांत त्यांना जागा नसते. नियमाआधी घड्या का, हे तक्ता सांगत नाही. उलटा क्रम लावला आणि नियम आधी फळ्यावर आला, तर मुले घडी घालताना शोधत काहीच नाहीत, फक्त सांगितलेले खरे आहे का ते पाहतात. क्रमामागचे हे कारण माहीत नसलेला शिक्षक वेळ कमी पडला की घड्याच गाळेल, कारण तक्त्यात सर्वांत जास्त मिनिटे त्यांनाच दिलेली दिसतात. तसेच मुलांच्या संभाव्य उत्तरांचे. तीन वेळा घडी घातली की सहा भाग होतील असे अनेक मुलांना वाटते, आणि पट्टी उलगडून आठ मोजल्यावर ती चकित होतात. काही मुले पट्टी लांबीऐवजी रुंदीत दुमडतात, मग भाग जुळत नाहीत. या गोष्टी कृतीच्या चौकटीत कोंबल्या तर चौकट पुन्हा परिच्छेद होऊन बसते.

यावर सोपा मार्ग म्हणजे तक्त्याखाली दोन-तीन ओळींची टीप. इथे ती अशी होईल: ‘घड्या नियमाआधीच. वेळ कमी पडल्यास ३/५ चे उदाहरण सोडावे, घड्या व चिठ्ठी सोडू नये. टोकाला टोक लावून घडी घालण्याचे एकदा करून दाखवावे. तीन घड्यांचे किती भाग, हे उलगडण्याआधी विचारावे.’ मूळ परिच्छेदही फेकून देऊ नये, तक्त्याच्या मागच्या पानावर राहू द्यावा. परिच्छेदात शिक्षकाचा विचार आहे आणि तक्त्यात तासाची मांडणी. दुसऱ्याला पाठ समजावून सांगायचा असेल तेव्हा पहिल्याचा उपयोग होतो, हातात खडू असताना दुसऱ्याचा.

संगणकावर हे करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्डमध्ये लिहिलेला मजकूर निवडून Insert, मग Table आणि Convert Text to Table असे केले की परिच्छेदाचा तक्ता होतो खरा, पण संगणक मजकूर तोडतो तो चिन्हांवर, अर्थावर नाही. स्वल्पविराम हे चिन्ह निवडले तर ‘१/२, २/४, ४/८’ यांच्यामध्येही रकाने पडतात. आधी प्रत्येक ओळीतले चार भाग टॅब कळ दाबून वेगळे करायचे, ओळ संपली की एंटर, आणि मग तक्ता करताना Tabs निवडायचे. म्हणजेच विभागणीचा निर्णय माणसाने आधीच घेतलेला असावा लागतो. तक्ता दुसऱ्या पानावर गेला तर वरची शीर्षकाची ओळ Repeat Header Rows ने तिथेही आणता येते. तरी एका तासिकेचा तक्ता दोन पानांवर जात असेल तर कृतीच्या चौकटी गरजेपेक्षा लांबल्या आहेत हे नक्की.

हा चार रकान्यांचा साचा सगळीकडे जसाच्या तसा चालत नाही. जिल्हा परिषदेच्या अनेक लहान शाळांत दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असतात. तिथे पाचवीच्या घड्या चालू असताना त्याच खोलीत चौथीही बसलेली असते. अशा बहुवर्ग अध्यापनात कृतीच्या रकान्याचे दोन भाग करावे लागतात, एक चौथीचा आणि एक पाचवीचा, आणि वेळेचा रकाना दोघांच्या मध्ये सामाईक राहतो. नियम सोपा पण पाळायला कठीण आहे: एकाच ओळीत दोन्ही इयत्तांना शिक्षकाची गरज पडता कामा नये. पाचवीची चर्चेची ५ मिनिटे चालू असताना चौथीला स्वतःहून करता येईल असे काम हवे. पाचवी घड्या घालत असेल त्या ९ मिनिटांत शिक्षक चौथीकडे जाऊ शकतो, पण सुरुवातीची घडी करून दाखवल्यानंतरच. परिच्छेदाच्या रूपात दोन इयत्तांचे असे गुंफलेले नियोजन लिहिणे जवळजवळ अशक्य आहे, आणि तक्त्याचा खरा कस तिथे लागतो.

कवितेच्या तासाला हा साचा थोडा आवळल्यासारखा होतो. वाचनानंतरची शांतता किंवा एखाद्या ओळीवर रेंगाळणे मिनिटांत बसवता येत नाही. तिथे वेळेच्या रकान्यात ‘६ ते १०’ अशी मुभा लिहून ठेवणे अधिक प्रामाणिक.

तास झाल्यावर तक्त्याचे आणखी एक काम उरते. वेळेच्या रकान्यात छापील आकड्याशेजारी प्रत्यक्ष लागलेली मिनिटे पेन्सिलीने लिहायची. घड्यांना ९ ऐवजी १३ लागली असतील तर का लागली, हे दोन शब्दांत: ‘तेलखडू कमी’, ‘रुंदीत दुमडल्या’. पाचवीच्या दुसऱ्या तुकडीवर हाच पाठ दोन दिवसांनी असेल, तर तेलखडू १८ ऐवजी ३६ घ्यायचे की पहिली घडी सगळ्यांनी एकदम घालायची, हे त्या दोन शब्दांवरून ठरते.